नेट गेलंय की पत्ता मिळत नाहीये?

पावसाळा लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुणाचं नेट गेलंय का?" हा मेसेज ठरलेलाच. बहुतेक वेळा ते खरंच गेलेलं असतं, कुठेतरी रस्ता खणताना फायबर तुटलेली असते. पण याच्यासारखीच दिसणारी दुसरी एक भानगड असते, आणि तिच्यावरही लोक तोच उतारा करतात. आधी राउटर बंद-चालू, मग केबलवाल्याला फोन, शेवटी टाचणी घालून रिसेट. ही दुसरी भानगड म्हणजे राउटरमधली डीएचसीपी नावाची सोय चुकून बंद झालेली असणं. घरातल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपला आयपी पत्ता देण्याचं काम ती करते. इथे केबलवाला काही करू शकत नाही, कारण त्याची लाइन ठणठणीत असते.

लाइन गेल्याची लक्षणं सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थोडक्यात. डब्यावरचा LOS दिवा लाल होतो, बऱ्याचदा शेजाऱ्यांचंही गेलेलं असतं, फोन वायफायला जोडलेला राहतो पण इंटरनेट नाही म्हणून कुरकुरतो. अशा वेळी कंपनीत तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची.

डीएचसीपी बंद असेल तर दिवे सगळे हिरवे असतात. अँड्रॉइड फोन Obtaining IP address वर अडकतो आणि काही वेळाने वायफाय सोडून देतो. लॅपटॉपवर मात्र वायफाय जोडलेलं दिसतं, आणि घोळ तिथेच होतो. विंडोजमध्ये `ipconfig` टाइप केलं की असं काहीतरी येतं:

```
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.83.17
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.0.0
Default Gateway . . . . . . . . . :
```

हे बघून लोक म्हणतात, "पत्ता तर आहे की!" आहे, पण तो कुणी दिलेला नाही. लॅपटॉप नेटवर्कला जोडला की आधी सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, कुणी पत्ता देता का? घरात उत्तर देणारा एकच, राउटर. त्याचं उत्तर आलं तर 192.168 ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि त्याबरोबर बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे गेटवे, कोणता तेही कळतं. उत्तर आलंच नाही, तर लॅपटॉप पुन्हा हाका मारतो, थकतो, आणि 169.254 च्या राखीव पट्ट्यातला एखादा नंबर स्वतःच उचलून लावतो. म्हणून वर Autoconfiguration लिहिलंय आणि गेटवेसमोर काहीच नाही. या नंबरावर इंटरनेट तर सोडाच, राउटरचं सेटिंगचं पानसुद्धा उघडत नाही.

ही सगळी देवाणघेवाण घरातल्या घरात होते. फायबर तुटलेली असली तरी राउटर पत्ते वाटतच राहतो. म्हणून लाइन गेली असेल तेव्हा लॅपटॉपवर 192.168 चा पत्ता दिसतो आणि राउटरचं पान उघडतं. घरातल्या सगळ्याच उपकरणांवर 169.254 दिसत असेल, तर केबलवाल्याला फोन लावायच्या आधी राउटरकडे बघा. एकाच उपकरणावर दिसत असेल, तर त्या उपकरणात किंवा त्याच्या वायरीत शोधा.

मुळात ही सोय बंद होते कशी? मुलुंडला मावशीकडे झालं ते अगदी नेहमीचं उदाहरण आहे. मागच्या खोलीत रेंज नाही म्हणून मावसभावाने दुसरा राउटर आणला. त्याला कुणीतरी बरोबरच सांगितलं होतं की दुसऱ्या राउटरवर डीएचसीपी बंद कर. पण दोन्ही डब्यांचा पत्ता 192.168.1.1, आणि त्याचा लॅपटॉप अजून जुन्याच वायफायवर. उघडलं ते जुन्या राउटरचं पान, आणि बंद झाली तीही तिथलीच सोय. घाबरून त्याने नवा राउटर परत खोक्यात भरला, तरी काही फरक पडेना. "राउटर खराब झालाय रे, पण टीव्ही तेवढा चालतोय," मावशीचा फोन.

टीव्ही चालतोय म्हटलं की सगळे आणखी गोंधळतात. राउटर पत्ता मुदतीवर देतो, घरगुती राउटरवर ती बऱ्याचदा 24 तासांची असते. अर्धी मुदत उलटली की उपकरण नूतनीकरण मागतं, पण नाही मिळालं तरी उरलेली मुदत जुन्या पत्त्यावर काढतं. टीव्ही आदल्या दिवसापासून जोडलेलाच होता. फोन घरात-बाहेर करत नव्याने जोडायला गेले आणि अडकले. दुसऱ्या दिवशी टीव्हीचंही तेच झालं असतं.

राउटर बंद-चालू करून हे सुटत नाही. बदललेलं सेटिंग राउटरच्या पोटात जपलेलं असतं, शंभर वेळा प्लग काढलात तरी ते तसंच राहतं. आणि टाचणीचा रिसेट मला मुळीच मान्य नाही. त्याने डीएचसीपी सुरू होईल, पण कंपनीच्या माणसाने भरलेलं लाइनचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं. मग खरंच नेट जातं आणि खरंच माणूस बोलवावा लागतो.

त्यापेक्षा स्वतःच लॅपटॉपला हाताने पत्ता द्या. फोनवरही जमतं, वायफायच्या सेटिंगमध्ये IP settings ला Static करायचं. राउटरचा पत्ता 192.168.1.1 असेल (डब्याखालच्या स्टिकरवर बघा, काहींचा 192.168.0.1 असतो), तर हे भरा:

```
IP address   192.168.1.250
Subnet mask  255.255.255.0
Gateway      192.168.1.1
DNS          8.8.8.8
```

फोन मास्कऐवजी प्रीफिक्स विचारतो, तिथे 24 लिहा. शेवटचा आकडा मुद्दाम मोठा घेतला, म्हणजे कुणी जुन्या मुदतीवर चालत असेल तर त्याच्याशी टक्कर व्हायची शक्यता कमी. एवढं केल्यावर नेट सुरू झालं, तर निकाल लागला, लाइन ठीक आहे आणि पत्ते वाटणारा झोपलाय.

आता ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा आणि LAN खाली DHCP Server शोधा. WAN मध्ये जाऊ नका. तिथेही डीएचसीपी लिहिलेलं दिसतं, पण तो राउटरने कंपनीकडून पत्ता *घेण्याचा* प्रकार आहे. आपल्याला राउटरने घरात पत्ते *देण्याचा* हवाय. फोनवर कुणी "डीएचसीपी ऑन करा" म्हणालं म्हणून WAN मधलं PPPoE बदलून बसलेले लोक मी पाहिलेत, त्यांच्या एका दुखण्याची दोन झाली. LAN मध्ये Enable करा, पट्टा 192.168.1.100 ते 192.168.1.199 ठेवा, सेव्ह करा. मग फोनचं वायफाय बंद करून परत लावा. मावशीचा फोन तिथल्या तिथे जोडला गेला.

दुसरा राउटर लावायचाच असेल तर तो मुख्य राउटरला जोडण्याआधी, लॅपटॉपचं वायफाय बंद करून, नुसत्या वायरीने लॅपटॉपला जोडा. आधी त्याचा पत्ता 192.168.1.2 करा, मग त्याची डीएचसीपी बंद करा, आणि मगच मुख्य राउटरची वायर त्याच्या LAN पोर्टात घाला.

आणि लॅपटॉपवर हाताने भरलेला तो 250 चा पत्ता आठवणीने काढून परत ऑटोमॅटिकवर आणा. नाहीतर ऑफिसच्या वायफायला तो लॅपटॉप जोडला जाईल, पण नेट चालणार नाही आणि आयटीवाले तुमच्या मागे लागतील.