अर्धी माफी: ‘भावना दुखावल्या असतील तर’ या वाक्यात काय नसतं?

‘माझ्या वक्तव्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलं आहे की अर्ध्यावर आलं की पुढचं आपोआप म्हणता येतं. निवेदन आलं की बातमीचा मथळा ठरलेला असतो: ‘अखेर मागितली माफी’. मग चर्चा सुरू होते. एक गट म्हणतो की ही माफीच नव्हे. दुसरा म्हणतो, ‘अहो, पूर्ण नसेल, अर्धी तरी मागितली ना? काहीच न बोलण्यापेक्षा बरं.’

हा दुसरा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे आणि म्हणूनच तो तपासायला हवा. अर्ध्या माफीचा परिणाम पूर्ण माफीच्या निम्मा होतो, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. प्रयोग करून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही.

आधी त्या वाक्याची रचना बघू. बोलणाऱ्याने नेमकं काय केलं, ते त्यात नाही. ‘वक्तव्य’ आहे, पण कोणतं आणि त्यात चूक काय, याचा पत्ता नाही. ‘असतील तर’ म्हटल्यामुळे नुकसान झालं की नाही हेही अजून ठरायचं आहे, असा अर्थ निघतो. आणि जे झालं ते बोलणाऱ्याच्या कृतीत न घडता ऐकणाऱ्याच्या भावनांमध्ये घडलं. म्हणजे चौकशी करायचीच तर ती ऐकणाऱ्याच्या हळवेपणाची करायची. खेद आहे, पण कशाबद्दल आणि कुणाच्या कृतीबद्दल, या दोन्ही जागा रिकाम्या आहेत.

या रिकाम्या जागांचा परिणाम मोजणारा माझा सर्वांत आवडता प्रयोग अमेरिकेत झाला. कायदा आणि मानसशास्त्र या दोन्ही विषयांच्या अभ्यासक जेनिफर रॉबेनॉल्ट यांनी तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. भांडण कोर्टात जाण्याआधी समोरच्याने माफी मागितली, तर तडजोड होण्याची शक्यता वाढते का? भाग घेणाऱ्यांना एक प्रसंग वाचायला दिला: तुम्ही पायी चालला आहात, एका सायकलस्वाराने तुम्हाला धडक दिली, तुम्हाला इजा झाली. आता तो भरपाई म्हणून एक रक्कम देऊ करतो आहे. घ्याल का?

रक्कम सगळ्यांना सारखीच होती, फरक फक्त माफीत होता. एका गटाला माफी मिळालीच नाही. दुसऱ्या गटातला सायकलस्वार साधारण असं म्हणाला: ‘तुम्हाला लागलं याचं मला फार वाईट वाटतं. लवकर बरे व्हा.’ तिसऱ्या गटात त्याने वाईट वाटतं असं म्हणून पुढे जोडलं: ‘अपघात पूर्णपणे माझ्या चुकीने झाला. मी फार वेगात होतो आणि समोर बघत नव्हतो.’

माफी न मिळालेल्यांपैकी 52 टक्के लोक रक्कम घ्यायला तयार होते. पूर्ण माफी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 73 टक्क्यांवर गेलं. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच. पण नुसती सहानुभूती मिळालेल्या मधल्या गटात तयार होणारे होते 35 टक्के. म्हणजे अर्धी माफी दोन टोकांच्या मध्ये न बसता शून्याच्याही खाली गेली.

बरेच लोक हा प्रयोग इथेच संपवतात आणि ‘अर्ध्या माफीने माणसं जास्त चिडतात’ असा निष्कर्ष काढतात. पण उरलेल्या आकड्यांत वेगळंच काही दिसतं. माफीच न मिळालेल्या गटात 43 टक्के लोकांनी रक्कम नाकारली होती आणि फक्त 5 टक्क्यांचं ठरत नव्हतं. अर्धी माफी मिळालेल्या गटात नाकारणारे 25 टक्क्यांवर आले, म्हणजे चिडलेले उलट कमी झाले. मात्र ‘काय करावं कळत नाही’ म्हणणारे 40 टक्क्यांवर गेले. अर्ध्या माफीने माणसं संतापली नाहीत, ती अडकली.

का अडकली? इजा झालेल्या माणसाला भरपाईचा हिशोब तर करायचा असतोच, पण त्याआधी दुसरा एक अंदाज बांधायचा असतो: हा माणूस पुन्हा असं करेल का? काहीच न बोलणाऱ्याबद्दल हा अंदाज लगेच बांधता येतो. ‘मी फार वेगात होतो, समोर बघत नव्हतो’ म्हणणाऱ्याबद्दलही बांधता येतो, कारण त्याने कारण सांगितलं आहे आणि वेग कमी करता येतो. ‘तुम्हाला लागलं याचं वाईट वाटतं’ या वाक्यावरून मात्र काहीच ठरवता येत नाही. रस्त्यावरून जाणारा कुणीही तिऱ्हाईत हे म्हणू शकला असता. माणूस सहृदय दिसतो, पण आपण काय केलं हे त्याला कळलं आहे का, ते कळत नाही.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1971 मध्येच याचं सुंदर वर्णन केलं होतं. खरी माफी मागताना माणूस स्वतःचे दोन भाग करतो, असं ते म्हणतात. एका भागाने अपराध केलेला असतो. दुसरा भाग मोडलेल्या नियमाच्या बाजूने उभा राहून पहिल्याला दोष देतो. ऐकणाऱ्याला विश्वास ठेवायला हा दुसरा भाग मिळतो. अपराध केलेल्या भागाचं नावच घेतलं नाही, तर दुसऱ्याला उभं राहायला जागा राहत नाही.

रॉबेनॉल्ट यांच्या प्रयोगात आणखी एक बारकावा आहे. चूक कुणाची हे स्पष्ट असेल किंवा इजा गंभीर असेल, तेव्हा अर्धी माफी विशेष महागात पडते. इजा किरकोळ असेल आणि दोष कुणाचा हे खरंच धूसर असेल, तेव्हा तीच सहानुभूती थोडीफार उपयोगीही ठरते. म्हणून ‘असतील तर’ हे शब्द प्रत्येक वेळी लबाडीचेच असतात असं नाही. गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला की नाही हे खरंच माहीत नसताना ‘लागलं असेल तर सॉरी’ म्हणणं प्रामाणिक आहे. ज्याचं विधान कॅमेऱ्यात नोंदलं गेलं आहे आणि ज्याच्या दारात दुखावलेली माणसं उभी आहेत, त्याला ही सवलत नाही.

मराठी वाचकांना इथे एक शंका येईल. आपण तर ‘माझ्याकडून चूक झाली’ असंच म्हणतो, ‘मी चूक केली’ क्वचितच. मग ही पळवाट झाली का? वाक्याच्या रचनेचा दोष देण्यावर परिणाम होतो, हे खरं आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी 2010 मध्ये दाखवलं की उपाहारगृहातल्या आगीचं वर्णन ‘तिने असं केलं’ या पद्धतीने लिहिलं, तर वाचणारे त्या बाईवर जास्त जबाबदारी टाकतात. ‘असं झालं’ या पद्धतीने लिहिलं तर कमी. पण ‘माझ्याकडून’ या शब्दात करणारा हजर आहे. तो गायब होतो ‘चूक झाली’, ‘गैरसमज झाला’, ‘प्रकार घडला’ या वाक्यांमध्ये. क्रियापदाच्या रूपापेक्षा करणारा आणि केलेली गोष्ट ही दोन्ही वाक्यात सापडतात का, ते बघावं.

ही कसोटी आपल्या इतिहासातल्या दोन प्रसंगांना लावून बघू. 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकुमावरून गोळीबार झाला. सरकारी आकडाच 379 मृत्यूंचा आहे. शताब्दीच्या तीन दिवस आधी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत या घटनेला लाजिरवाणा डाग म्हटलं आणि ‘जे घडलं आणि जे दुःख झालं त्याबद्दल आम्हाला तीव्र खेद आहे’ अशा अर्थाचं विधान केलं. शब्द गंभीर होते, पण त्या वाक्यात गोळ्या कुणी झाडल्या? ‘घडलं’ आणि ‘झालं’. करणारा नाही. हे सायकलस्वाराचं दुसऱ्या गटातलं वाक्य आहे, आणि इथे दोष कुणाचा याबद्दल धूसर काहीही नाही.

दुसरा प्रसंग कोमागाटा मारूचा. 1914 मध्ये हे जहाज 376 प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला पोहोचलं. त्यात बहुसंख्य पंजाबी शीख होते. मायदेशातून सलग प्रवास करून आलेल्यांनाच उतरू द्यायचं, असा कॅनडाचा नियम होता आणि भारतीयांना तो पाळणं जवळजवळ अशक्य होतं. दोन महिने बंदरात अडकवून, मोजके प्रवासी सोडता, जहाज परत पाठवलं गेलं. कोलकात्याजवळ बजबज इथे उतरल्यावर गोळीबार झाला आणि काही प्रवासी मारले गेले. 2008 मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी एका जाहीर कार्यक्रमात माफी मागितली. पण ज्या संसदेच्या नावाने कायदे होतात तिथेच ती मागितली जावी, असं शीख समाजातल्या अनेकांचं म्हणणं होतं. 18 मे 2016 रोजी जस्टिन ट्रुडो यांनी तिथे ती मागितली.

त्या भाषणातला एक भाग मला फार शिकवून जातो. जहाजावरच्या प्रवाशांबाबत घडलेल्या प्रत्येक दुर्दैवी चुकीचा दोष एकट्या कॅनडावर येत नाही, असं ट्रुडो आधी म्हणाले. हे ऐकताना वाटतं, आता पळवाट येणार. पण पुढचं वाक्य असं होतं की या प्रवाशांना शांततेने स्थलांतर करू न देणाऱ्या कायद्यांना कॅनडाचं सरकार निःसंशय जबाबदार होतं, आणि त्याबद्दल व त्यानंतरच्या प्रत्येक खेदजनक परिणामाबद्दल आम्ही माफी मागतो. जबाबदारीला मर्यादा घातली, पण ती आखल्यावर आतलं सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. करणारा आहे: सरकार. कृती आहे: कायदे. ‘जर’ कुठेही नाही.

माफीचा खरेखोटेपणा चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या ‘देहबोलीतज्ज्ञां’बद्दलही सांगायला हवं. डोळ्यांत पाणी होतं का, नजर कुठे होती, यावर वाहिन्यांवर तासभर चर्चा चालते. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी 2006 मध्ये असंख्य प्रयोग एकत्र करून पाहिलं, तेव्हा वागण्या-बोलण्यावरून खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी सुमारे 54 टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणं उडवून जवळजवळ तेवढंच साधतं. निवेदनाचा मजकूर समोर असताना अश्रू मोजत बसणं हे भविष्य बघण्याइतकंच निरर्थक आहे.

जबाबदारी घेतली की विश्वास परत येतोच असं मात्र नाही. पीटर किम आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं की चूक अज्ञानातून किंवा कौशल्य कमी पडल्यामुळे झाली असेल, तर माफीने विश्वास चांगला सावरतो. आरोप अप्रामाणिकपणाचा असेल तर तीच कबुली अंगावर येऊ शकते, कारण एकदा फसवणारा पुन्हा फसवेल असं लोक मानतात. हिशोबात नियम चुकला हे मान्य करणाऱ्या हिशोबनिसाला लोक पुन्हा काम देतात. मुद्दाम आकडे बदलल्याचं मान्य करणाऱ्याला सहसा देत नाहीत. मोघम माफीचा मसुदा सल्लागार का लिहून देतात, त्याचं एक कारण इथे आहे. इथे शब्द कमी पडतात, आणि नुकसान भरून देण्याचं काम सुरू होतं. रॉय लेविकी यांच्या गटाने 2016 मध्ये माफीचे सहा घटक तपासले, तेव्हा जबाबदारीच्या कबुलीखालोखाल वजन याच भरपाईच्या तयारीला मिळालं. ‘मला क्षमा करा’ ही विनंती सगळ्यांत शेवटी आली.