रक्तस्रावावर व्हिटॅमिन के: हेपॅरिनला ते का चालत नाही

"रक्त पातळ करणाऱ्या कोणत्याही औषधाने रक्तस्राव झाला, की व्हिटॅमिन के द्यायचं."

वॉरफॅरिनपुरतं हे खरं आहे. वॉरफॅरिन यकृतात व्हिटॅमिन केचं पुनर्चक्रण अडवतं, त्यामुळे रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० हे घटक अपुरे तयार होतात. सातवा घटक सर्वांत लवकर संपतो आणि त्याची उणीव रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणाऱ्या आयएनआर या आकड्यात दिसते. म्हणून वॉरफॅरिनवर लक्ष आयएनआरने ठेवतात; बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ असावा लागतो.

हेपॅरिन नवे घटक बनणं थांबवत नाही. ते अँटिथ्रॉम्बिनला चेतवून रक्तात तयार असलेले थ्रॉम्बिन आणि दहावा सक्रिय घटक निकामी करतं. इथे व्हिटॅमिन के काय दुरुस्त करणार? इथे उतारा प्रोटामिन: धन प्रभाराचं हे प्रथिन ऋण प्रभाराच्या हेपॅरिनला थेट बांधतं.

समजा, ४००० युनिट हेपॅरिन शिरेतून दिलं आणि काही मिनिटांतच गंभीर रक्तस्राव सुरू झाला. साधारण १०० युनिटला १ मिलिग्रॅम, म्हणजे ४० मिलिग्रॅम प्रोटामिन, तेही सावकाश. घाईने दिल्यास रक्तदाब कोसळतो. तास उलटला असेल तर निम्मं पुरतं, कारण तोवर साधारण निम्मं हेपॅरिन रक्तातून नाहीसं झालेलं असतं. उतारा लागू पडला का, हे काही मिनिटांनी केलेल्या एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून कळतं.

परीक्षेत खरा चकवा वॉरफॅरिनच्या जीवघेण्या रक्तस्रावाचा असतो. व्हिटॅमिन केला काही तास लागतात, म्हणून त्यासोबत तयार घटकांचं प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्सही द्यावं लागतं.