तोटा मागे नेण्याची मुभा : एकदा घेतलेला कर सरकार परत का देते?

आपल्याकडे रिफंड म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो जास्त कापला गेलेला टीडीएस किंवा जास्त भरलेला आगाऊ कर. म्हणजे चूक किंवा जादा भरणा. तोटा मागे नेऊन मिळणारा परतावा या जातीचा नाही. समजा, कंपनीने 2015 साली नफ्यावर कर भरला तो बिनचूक होता, वेळेवर होता, खात्याने तपासून मान्य केलेला होता. 2020 साली तोटा झाला म्हणून 2015चा नफा नव्याने मोजायचा, त्यातून तोटा वजा करायचा आणि फरकाचा कर परत मागायचा, अशी ही सोय. सगळा वाद ‘परतावा’ या एका शब्दाभोवती फिरतो. बाजूने बोलणारे म्हणतात, आमचेच पैसे आम्हाला मिळतात. विरोधक म्हणतात, हे अनुदान आहे, फक्त कराच्या फॉर्मवर लिहिलेले.

कायद्याची स्वतःची भूमिका व्याजाच्या नियमात दिसते. अमेरिकेत असा परतावा मिळाला तरी व्याज 2015 पासून मिळत नाही. ते धरले जाते तोट्याच्या वर्षाचे रिटर्न भरण्याच्या मुदतीपासून, आणि अर्ज केल्यावर 45 दिवसांत पैसे दिले तर व्याज नाहीच. उलट 2015चा कर त्या वेळी कमी भरला गेल्याचे नंतर उघड झाले, तर त्या तुटीवरचे मधल्या काळाचे व्याज तोटा मागे नेल्याने माफ होत नाही. थोडक्यात, कायदाच मान्य करतो की कर भरला त्या दिवशी तो सरकारचाच होता.

मग परत का द्यायचा? कारण वर्ष ही हिशेबाची सोय आहे, धंद्याची चाल नव्हे. दोन कंपन्या घ्या. एक दोन्ही वर्षे 10-10 लाख कमावते. दुसरी पहिल्या वर्षी 60 लाख कमावते आणि दुसऱ्या वर्षी 40 लाख घालवते. दोघींची दोन वर्षांची कमाई 20 लाखच. पण पहिलीला 20 लाखांवर कर, दुसरीला 60 लाखांवर. तोटा पुढे ओढू दिला तर हा फरक कधीतरी भरून निघतो, पण पुढे नफा झाला तरच, आणि तोही बिनव्याजी. शिवाय रोकड लागते ती तोट्याच्या वर्षी. मागे नेण्याची सोय नेमकी तेव्हा पैसे देते. सरकार नफ्यात भागीदार असेल तर तोट्यातही असावे, हा अर्थशास्त्रातला जुना युक्तिवाद आहे.

व्यवहारात मात्र ही मुभा आली ती युद्धामुळे. अमेरिकेत 1918च्या कायद्याने पहिले महायुद्ध संपताना झालेला तोटा एक वर्ष मागे नेऊ दिला. ती सोय लवकरच गेली, आणि मंदीच्या ऐन भरात, 1933 साली, तोटा पुढे ओढण्याची मुभाही काढून टाकण्यात आली. ती 1939 साली परत आली, पण तोटा दोनच वर्षे पुढे ओढता येई. 1942 साली दोन वर्षे मागे नेण्याची तरतूद झाली. युद्धकाळात कारखाने तिन्ही पाळ्यांत चालत होते, दुरुस्ती लांबणीवर पडत होती, आणि ते खर्च व शांतताकाळच्या उत्पादनाकडे वळण्याचे नुकसान युद्धानंतर अंगावर येणार होते. युद्धकाळातला नफा अवाजवी वाटतो तो काही अंशी म्हणूनच, असा तो हिशेब होता.

1945 साली आणखी एक पाऊल पडले. पूर्ण तपासणीची वाट न पाहता 90 दिवसांत तात्पुरता परतावा देण्याची पद्धत सुरू झाली. ती आजही टिकून आहे. त्यानंतरच्या मोठ्या संपांच्या काळात कामगारांच्या बाजूने लगेच आक्षेप आला, की संपात कारखाना बंद ठेवून झालेला तोटा मालक मागे नेतात, म्हणजे त्यांच्या हटवादाचा खर्च सरकारी तिजोरी उचलते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पुढची पन्नास वर्षे मुदती बदलत राहिल्या. 1958 साली तीन वर्षे मागे, 1997 साली दोन मागे आणि वीस पुढे. 2002 आणि 2009 साली मंदी म्हणून मागची मुदत काही काळ पाच वर्षे केली. 2009ची सवलत आधी फक्त लहान उद्योगांना होती, नंतर मोठ्यांनाही दिली, पण सरकारी बचावनिधी घेतलेल्या कंपन्यांना वगळून. तेवढी लाज तेव्हा पाळली गेली.

खरी गुंतागुंत 2017 आणि 2020 या दोन निर्णयांची आहे. डिसेंबर 2017च्या कायद्याने कंपनीकराचा दर 35 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आणला आणि बदल्यात तोटा मागे नेणे बंद केले. अपवाद शेतीचा तोटा (दोन वर्षे) आणि जीवनविमा सोडून इतर विमा कंपन्यांचा. पुढे ओढायला मुदत उरली नाही, पण कोणत्याही वर्षी करपात्र उत्पन्नाच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त तोटा वजा करता येणार नाही अशी मर्यादा आली. मार्च 2020 मध्ये साथ आली आणि हे सगळे उलटले. 2018, 2019 आणि 2020 या तिन्ही वर्षांचा तोटा पाच वर्षे मागे नेता येईल आणि 80 टक्क्यांची मर्यादा 2021 सुरू होईपर्यंत स्थगित, असे ठरले.

आकडे मांडून पाहू. एका कंपनीला 2020 साली 10 कोटी डॉलर तोटा झाला. तिचे करपात्र उत्पन्न 2015 साली 3 कोटी, 2016 साली 4 कोटी, 2017 आणि 2018 साली 2-2 कोटी, 2019 साली 1 कोटी. सर्वांत जुन्या वर्षापासून सुरुवात करावीच लागते. आपल्याला सोयीचे वर्ष निवडता येत नाही. तर 2015, 2016 आणि 2017 मिळून 9 कोटी डॉलर संपतात, त्यांवर 35 टक्क्यांनी 3 कोटी 15 लाख परत. उरलेले 1 कोटी 2018 मध्ये, 21 टक्क्यांनी 21 लाख. एकूण 3 कोटी 36 लाख डॉलर. 2019 पर्यंत जावेच लागले नाही.

हाच तोटा पुढे ओढला असता तर? वर्षाला अडीच कोटी उत्पन्न धरले तर 80 टक्क्यांच्या मर्यादेने दर वर्षी 2 कोटीच वजा होतील. दर वर्षी 42 लाख वाचतील, आणि पाच वर्षांनी एकूण 2 कोटी 10 लाख. म्हणजे वेळेचा फायदा बाजूला ठेवला तरी 1 कोटी 26 लाखांचा फरक निव्वळ दरातून आला. जो तोटा 21 टक्क्यांच्या राजवटीत झाला, त्याची किंमत 35 टक्क्यांनी वसूल झाली. वर 2018 आणि 2019च्या तोट्याचा साथीशी संबंधच नव्हता. ते कधीच होऊन गेलेले. नव्या दराचा लाभ घेऊन जुन्या दराने परतावा, हे ‘आमचेच पैसे’ या युक्तिवादात बसवणे कठीण आहे. बाजूने एवढेच म्हणता येते की संकटात रोकड लवकर पोहोचवायची तर आधीचीच यंत्रणा वापरावी लागते, नवी योजना उभी करायला महिने लागतात. हे खरे आहे. पण ज्या नव्या कंपनीने कधी नफा पाहिलाच नाही, तिला या यंत्रणेतून एक डॉलरही मिळाला नाही.

प्रत्यक्ष रक्कम नेहमी एवढी निघत नाही. जुन्या वर्षाचे उत्पन्न खाली आले की त्याला जोडलेली गणितेही सरकतात. 2017 पर्यंत देशातल्या उत्पादनावर 9 टक्क्यांची वजावट होती, तिला करपात्र उत्पन्नाची मर्यादा होती. उत्पन्न शून्य झाले की वजावटही शून्य, म्हणून तोट्याचा काही भाग नुसती ती वजावट भरून काढण्यात जातो. परदेशात भरलेल्या कराचे श्रेयही असेच मोकळे होऊन दुसऱ्या वर्षात ढकलले जाते. सल्लागार आधी सगळी वर्षे मांडून बघतात ते याचसाठी, कारण तोटा मागे न नेण्याचा पर्याय असतो, पण तो एकदा दिला की फिरवता येत नाही.

अर्जाचा फॉर्म 1139. त्यात प्रत्येक मागच्या वर्षासाठी दोन रकाने : तोटा लावण्याआधी आणि लावल्यानंतर. तो तोट्याचे वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत जावा लागतो, आणि तोट्याच्या वर्षाचे रिटर्न त्याच्या आधी किंवा त्याच दिवशी. 2020 साली इथेच अडले. 2018च्या तोट्याची मुदत डिसेंबर 2019 मध्येच उलटली होती, म्हणून ती 30 जून 2020 पर्यंत वाढवावी लागली. टपालखोल्या बंद, म्हणून अर्ज फॅक्सने घेतले. जोडपत्रे अपुरी असतील तर अर्ज नाकारला जातो आणि त्या नकाराविरुद्ध कोर्टात जाता येत नाही. मग सुधारित रिटर्न, फॉर्म 1120-X, भरायचे. त्याला मुदत साधारण तीन वर्षे, पण 90 दिवसांचे बंधन नाही. आणि 90 दिवसांत आलेला परतावाही तात्पुरताच. नंतरच्या तपासणीत तोटा कमी ठरला तर रक्कम व्याजासह परत जाते.

इतर देशांनी हातचे राखूनच ही सोय दिली आहे. ब्रिटनमध्ये एरवी एक वर्ष, साथीच्या काळात तीन, पण जादा दोन वर्षांना 20 लाख पौंडांची मर्यादा. सिंगापूरमध्ये एक वर्ष आणि 1 लाख सिंगापूर डॉलर. ऑस्ट्रेलियाने 2012-13 पासून सोय दिली आणि 2014 मध्ये खाणकराबरोबर काढली, कारण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली होती. 2020 मध्ये ती काही वर्षांपुरती परत आली.

भारतात धंद्याचा तोटा मागे जात नाही, आठ वर्षे पुढे जातो, आणि त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेले असावे लागते. एक दिवस उशीर झाला तरी तोटा पुढे ओढण्याचा हक्क जातो. शिल्लक घसारा मात्र उशिराच्या रिटर्नमध्येही टिकतो आणि त्याला वर्षांची मर्यादा नाही. त्यामुळे यंत्रसामग्रीत पैसे घातलेल्या कारखान्याचा तोटा बराचसा जिवंत राहतो आणि पगार-भाड्यावर चालणाऱ्या धंद्याचा नवव्या वर्षी मरतो.