तेलाच्या आधीच सरकलेला वक्र

फिलिप्स वक्र म्हणजे बेरोजगारी घटली की भाववाढ चढते हे नातं दाखवणारी रेषा. परीक्षेत त्याच्यावरच्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: '१९७३ साली तेल महागलं आणि फिलिप्स वक्र मोडला.' असं लिहिणाऱ्याला मी एकच गोष्ट विचारतो. मग १९७० साली काय झालं होतं?

१९६५ साली अमेरिकेत बेरोजगारी ४.५ टक्के होती आणि भाववाढ १.६ टक्के. पुढची चार वर्षं व्हिएतनाम युद्धाचा आणि समाजकल्याण योजनांचा खर्च वाढत गेला. १९६९ पर्यंत बेरोजगारी ३.५ वर उतरली आणि भाववाढ ५.५ वर चढली. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम, कारण वक्र खाली उजवीकडे उतरणारा आणि अर्थव्यवस्था त्याच्यावरून डावीकडे वर चढलेली. मग १९७० साली मंदी आली आणि बेरोजगारी ४.९ झाली. जुन्या वक्राप्रमाणे भाववाढ दीड टक्क्याच्या आसपास यायला हवी होती. ती होती ५.७. तेलाचा भडका उडायला अजून तीन वर्षं होती.

काय घडलं ते एका कामगाराच्या वेतनकराराकडे पाहिलं की कळतं. अमेरिकेच्या मोटार उद्योगात असे करार बहुधा तीन वर्षांचे असत. भाव वर्षाला दोन टक्के वाढतील असं धरून कामगार सही करतो आणि भाव वाढतात चार टक्के. मालाची किंमत चढली, मजुरी मात्र करारात अडकलेली. मालकाला माणूस स्वस्त पडतो, म्हणून तो भरती वाढवतो आणि बेरोजगारी घटते. म्हणजे ही घट भाववाढीमुळे होत नाही, ती अंदाज चुकल्यामुळे होते. पुढच्या कराराला हाच कामगार चार टक्के धरूनच बसतो. मालकाचा फायदा संपतो, जास्तीची भरतीही संपते.

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात हेच सांगितलं होतं. दुसरे अर्थतज्ज्ञ एडमंड फेल्प्स स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. आकडे नंतर आले, म्हणून या भाकिताचा दबदबा.

आता आकडेमोड. भाववाढीचा अंदाज बरोबर ठरला की जी बेरोजगारी उरते ती नैसर्गिक बेरोजगारी. ती ५ टक्के आणि वक्राचा उतार सोयीसाठी १ धरू:

भाववाढ = अपेक्षित भाववाढ − (बेरोजगारी − ५)

अपेक्षा २ टक्क्यांची असताना सरकारने मागणी वाढवून बेरोजगारी ३ वर आणली, तर भाववाढ ४ होते. हे त्याच वक्रावरचं सरकणं. लोकांची अपेक्षा ४ झाली की अख्खा वक्र २ टक्क्यांनी वर जातो. आता बेरोजगारी ५ वर परतली तरी भाववाढ ४ राहते आणि ती पुन्हा ३ वर आणायची तर भाववाढ ६ सोसावी लागते.

परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. मागणी वाढली की विद्यार्थी नवा वक्र काढून मोकळे होतात, पण मागणीने आपण वक्रावर हलतो; वक्र हलतो तो अपेक्षेने. चांगल्या उत्तरातली आकृती ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक अल्पकालीन वक्रावर त्याची अपेक्षित भाववाढ लिहिलेली असते आणि नैसर्गिक दराच्या उभ्या रेषेला तो नेमका तेवढ्याच उंचीवर छेदतो. ही उभी रेषा म्हणजेच दीर्घकालीन वक्र. ती उभी का, हे एका वाक्यात सांगावं: अपेक्षा आणि वास्तव जुळलं की कंसातला फरक शून्य होतो, मग भाववाढ २ असो की १०. भाववाढ सोसून बेरोजगारी कायमची घटवता येत नाही, हे न समजावता नुसती रेषा काढून 'दीर्घकाळात विनिमय नाही' असं लिहिणं म्हणजे पाठांतर.

तेलाचा उल्लेख करावा, पण वेगळं कारण म्हणून. पुरवठ्याचा धक्काही वक्र वर ढकलतो आणि १९७३ नंतर दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे त्या काळच्या आकड्यांतून सुटं करणं अवघड जातं. म्हणूनच उदाहरण १९७० चं द्यावं. आणखी एक मर्यादा: अपेक्षा थेट दिसत नाही, नैसर्गिक दरही दिसत नाही, दोन्हींचा अंदाजच बांधावा लागतो.

उलटा प्रवास दाखवणारं उत्तर मला पूर्ण वाटतं. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले आणि त्यांनी पैशाचा पुरवठा आवळला. भाव खाली येतील यावर लोकांचा लगेच विश्वास बसला नाही; १९८२ साली बेरोजगारी ९.७ टक्क्यांवर गेली. मग अपेक्षा उतरल्या. १९७८ साली बेरोजगारी ६.१ असताना भाववाढ ७.६ होती, १९८७ साली बेरोजगारी ६.२ होती आणि भाववाढ ३.६.