‘संदर्भ लावून द्या’ म्हणताना सोबत काय पाठवावं

प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणाची फाईल आमच्याकडे येते आणि सोबत एवढीच ओळ असते: ‘संदर्भ नीट फॉरमॅट करून द्या.’ शेवटी संदर्भसूची नसते. कोणत्या शैलीत हवेत हेही लिहिलेलं नसतं. मजकुरात कुठे कंसात दोन आडनावं आणि साल असतं, तर कुठे नुसतं ‘संशोधनातून दिसून आलं आहे’. अशा वेळी आम्ही कामाला हात लावण्याआधी तुम्हाला प्रश्न पाठवतो. काही ग्राहकांना तो उगाच केलेला उशीर वाटतो. ते प्रश्न का विचारावे लागतात आणि ते टाळायचे असतील तर पहिल्याच वेळी काय पाठवायचं, हे या पत्रकात सांगितलं आहे.

अशा फाईलमध्ये तीन गोष्टी नसतात: स्रोताचा तपशील, शैलीचं नाव आणि संदर्भसूची. पण तिन्हींचं वजन सारखं नाही. शैली एका फोनवर ठरते. सूची तपशील हातात आले की आम्हीच तयार करतो, तेच आमचं काम आहे. तपशील मात्र फक्त तुमच्याकडे असतो, कारण ते पुस्तक किंवा तो लेख तुम्ही वाचलेला असतो. एक उदाहरण घेऊन हे दाखवतो.

समजा, तुमच्या मजकुरात असं वाक्य आहे: ‘डीएनएच्या रचनेतूनच त्याची प्रत कशी तयार होत असेल हे सुचतं (वॉटसन आणि क्रिक, १९५३).’ नावं प्रसिद्ध आहेत, साल आहे, तेव्हा एवढं पुरेसं वाटतं. पण या दोघांनी १९५३ साली ‘नेचर’ या एकाच नियतकालिकात, एकाच १७१व्या खंडात, दोन लेख लिहिले. पहिला २५ एप्रिलच्या अंकात, पृष्ठं ७३७ ते ७३८. त्यात दुहेरी सर्पिल रचना मांडली आहे आणि प्रत तयार होण्याचा उल्लेख शेवटाकडे एका वाक्यात येतो. दुसरा ३० मेच्या अंकात, पृष्ठं ९६४ ते ९६७. त्यात त्या रचनेचे आनुवंशिकतेच्या दृष्टीने काय अर्थ निघतात, म्हणजे प्रत कशी तयार होत असावी, हाच मुख्य विषय आहे. शिवाय त्याच वर्षीच्या एका परिसंवादाच्या खंडातही या दोघांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख आहे.

आता सांगा, तुमच्या वाक्याखाली यातला कोणता लेख लावायचा? वाक्याचा आशय पाहिला तर मे महिन्यातला लेख जास्त जवळचा. पण बहुतेक जण एप्रिलचाच लेख वाचतात आणि त्यातल्या त्या एका वाक्याचा आधार घेतात. आम्ही अंदाजाने एक निवडला तर सूची अगदी देखणी दिसेल, स्वल्पविराम जागच्या जागी असतील, आणि तरीही ती चुकीची असू शकेल. परीक्षकाने तो लेख उघडून पाहिला आणि तुमचं म्हणणं त्यात सापडलं नाही, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. म्हणून अशी निवड आम्ही करत नाही.

आणखी एक शक्यता असते. तुम्ही मूळ लेख पाहिलेलाच नसेल, एखाद्या पाठ्यपुस्तकात त्याबद्दल वाचलं असेल. त्यात वावगं काही नाही. पण मग सूचीत पाठ्यपुस्तकाची नोंद यायला हवी आणि मजकुरात ‘अमुक पुस्तकात उद्धृत’ असं यायला हवं. ही गोष्ट तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून आमचा प्रश्न ‘कोणता लेख?’ एवढाच नसतो. ‘तुम्ही स्वतः काय उघडून वाचलंत?’ असंही आम्ही विचारतो.

एकदा लेख नक्की झाला की बाकीचं सोपं असतं. तो एप्रिलचा लेख आहे असं तुम्ही कळवलंत, तर एपीए शैलीत नोंद अशी होते:

```
Watson, J. D., & Crick, F. H. C. (1953). Molecular structure
of nucleic acids: A structure for deoxyribose nucleic acid.
Nature, 171(4356), 737–738. https://doi.org/10.1038/171737a0
```

हीच नोंद वैद्यकीय जर्नलांत चालणाऱ्या व्हँकूवर शैलीत अशी:

```
1. Watson JD, Crick FHC. Molecular structure of nucleic acids:
a structure for deoxyribose nucleic acid.
Nature. 1953;171(4356):737-8.
```

दोन्हींतली माहिती जवळपास तीच आहे. साल कुठे बसतं, आद्याक्षरांनंतर टिंब येतं की नाही, दोन नावांच्या मध्ये काय येतं, एवढंच बदललं. फॉरमॅटिंग म्हणतात ते हेच: हातात असलेली माहिती ठरलेल्या क्रमाने मांडणं. नसलेली माहिती त्यातून येत नाही.

तुम्ही दोन्ही लेख वापरले असतील तर एपीए शैलीत सालाला अक्षरं जोडावी लागतात. इथे अनेकांची चूक होते. एप्रिल आधी आला म्हणून तो ‘1953a’ असं वाटतं. पण अक्षरं शीर्षकाच्या वर्णक्रमाने लावतात. मेच्या लेखाचं शीर्षक ‘Genetical’ या शब्दाने सुरू होतं आणि एप्रिलचं ‘Molecular’ने, त्यामुळे मेचा लेख ‘1953a’ आणि एप्रिलचा ‘1953b’ ठरतो. मग मजकुरात जिथे जिथे ‘१९५३’ आहे तिथे प्रत्येक ठिकाणी कोणता लेख अभिप्रेत आहे हे तुम्हीच सांगायला हवं. आम्ही ती सगळी वाक्यं पिवळी करून पाठवतो. तुम्ही प्रत्येकासमोर ‘एप्रिल’ किंवा ‘मे’ लिहिलंत तरी पुरे.

मजकुरात आधी कोणत्या पद्धतीचे संदर्भ टाकले होते, यावर किती माग काढता येईल हे ठरतं. नाव आणि साल असेल तर निदान दोन धागे हाती असतात. एमएलए शैलीत नाव आणि पृष्ठक्रमांक देतात, साल नाही. आमच्या उदाहरणात तर ते जास्त कामाचं ठरलं असतं, कारण ७३७ म्हणजे एप्रिल आणि ९६४ म्हणजे मे. सगळ्यात अडचणीची फाईल म्हणजे कंसात नुसते आकडे असलेली आणि सूची गळून पडलेली. ‘[7]’ या खुणेत तिच्यापुरती काहीच माहिती नसते, ती फक्त सूचीतल्या सातव्या ओळीकडे बोट दाखवते. ती ओळच नसेल तर आम्ही कितीही कष्ट केले तरी काही मिळत नाही. अशा वेळी जुन्या मसुद्यांत, स्वतःला पाठवलेल्या ईमेलमध्ये, मार्गदर्शकांना दिलेल्या प्रतीत सूची सापडते का ते आधी पाहा. बहुतेकदा एक प्रकरण वेगळं कापून पाठवताना ती मूळ फाईलमध्येच राहिलेली असते.

त्यावरून एक विनंती. तुम्ही झोटेरो किंवा मेंडेलीसारखं सॉफ्टवेअर वापरून संदर्भ टाकले असतील, तर आम्हाला मूळ वर्ड फाईल पाठवा. पीडीएफ नको, आणि मजकूर कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवलेलाही नको. मूळ फाईलमध्ये संदर्भावर क्लिक केलं की तो करड्या रंगात उजळतो. तसं झालं तर आत पूर्ण तपशील शिल्लक आहे असं समजा आणि शैली बदलणं काही मिनिटांचं काम आहे. कॉपी केल्यावर ती जोडणी तुटते आणि फक्त वर दिसणारी अक्षरं उरतात. झोटेरोमधलं ‘Unlink Citations’ हे बटणही तेच करतं, म्हणून ते शेवटची प्रत तयार होईपर्यंत दाबू नका. सॉफ्टवेअरमधून संदर्भसंग्रहाची .ris किंवा .bib फाईल काढून पाठवलीत तर उत्तमच.

सॉफ्टवेअर वापरलं नसेल तरी टंकलेखन करत बसू नका, फोनने फोटो काढा. पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, जिथे प्रकाशक, आवृत्ती आणि साल छापलेलं असतं. मुखपृष्ठाचा फोटो पुरत नाही, कारण त्यावर बहुतेकदा साल नसतं. लेख असेल तर त्याचं पहिलं पान, खंड, अंक आणि पृष्ठक्रमांक दिसतील असं. संपादित पुस्तकातलं प्रकरण असेल तर पुस्तकाच्या त्या दोन पानांसोबत प्रकरणाचं पहिलं आणि शेवटचं पानही, कारण संपादक आणि प्रकरणाचा लेखक दोघांचीही नावं आणि प्रकरणाचे पृष्ठक्रमांक नोंदीत लागतात. संकेतस्थळ असेल तर पूर्ण पत्ता आणि तुम्ही ते पाहिलं ती तारीख.

लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर तो एकटाही आम्हाला पुरतो. तो ‘10.’ने सुरू होतो. पाठवण्याआधी ब्राउझरमध्ये doi.org/ लिहून त्यापुढे तो चिकटवा आणि उघडणाऱ्या पानावर तुमचाच लेख आहे ना ते पाहा. हाताने उतरवताना शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडतो आणि दुवा उघडत नाही. दुवा उघडला आणि वेगळाच लेख निघाला, तर नोंद कुठून तरी उसनी घेतलेली आहे असं समजा आणि मूळ स्रोत पुन्हा शोधा. डीओआयवरून आपोआप येणारी माहितीही आम्ही लेखाशी ताडून पाहतो, कारण प्रकाशकाने भरलेलं शीर्षक कधी सगळं मोठ्या अक्षरांत असतं.

शैलीबद्दल थोडक्यात. ‘एपीए’ एवढंच कळवलंत तरी आम्ही आवृत्ती विचारू. सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि काही नियम बदलले. सहावीत पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाचं शहर येत होतं, सातवीत ते गेलं. सहावीत तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्या उल्लेखात सगळी नावं द्यावी लागत, सातवीत तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्यापासूनच पहिलं नाव आणि ‘et al.’ चालतं. विभागाने दिलेल्या नमुना प्रबंधात शहर छापलेलं असेल तर तो नमुना जुन्या आवृत्तीचा असण्याची शक्यता मोठी आहे. ‘हार्वर्ड’ म्हणाल तर त्याची एकच प्रमाण नियमावली नाही, प्रत्येक संस्थेची थोडी वेगळी असते. म्हणून शैलीचं नाव आठवत नसेल तर तुमच्या विभागाची किंवा जर्नलची सूचनापुस्तिका पाठवा, किंवा त्याच जर्नलमधला अलीकडचा एखादा लेख. आम्ही त्यावरून ठरवतो आणि काम सुरू करण्याआधी पाच नोंदी नमुन्यादाखल तुम्हाला दाखवतो.

ज्या वाक्यांना स्रोतच नाही, उदाहरणार्थ ‘संशोधनातून दिसून आलं आहे’, त्यांच्यासाठी आम्ही नंतर शोधून संदर्भ जोडत नाही. तुम्ही न वाचलेला लेख तुमच्या नावावर वाचलेला म्हणून दाखवणं आम्हाला मान्य नाही. ते वाक्य तुम्ही कशावरून लिहिलंत ते आठवलं तर कळवा. नाही आठवलं तर ते वाक्य काढायचं की स्वतः शोधून आधार द्यायचा, हे तुम्ही मार्गदर्शकांशी बोलून ठरवा.

काम पूर्ण झाल्यावर दोन फाईली येतील. एक फॉरमॅट केलेली. दुसरी एक तक्ता, ज्यात प्रत्येक संदर्भ, तो कोणत्या पानावर आहे, तपशील कुठून घेतला आणि काय अजून अपुरं आहे ते लिहिलेलं असेल. अपुऱ्या जागी फॉरमॅट केलेल्या फाईलमध्ये पिवळ्या रंगात ‘[तपशील हवा]’ असं दिसेल. छापायला देण्याआधी फाईलमध्ये ‘तपशील हवा’ हे शब्द शोधून पाहा. एकही खूण उरली असेल तर ती आम्हाला परत पाठवा.