छातीतली जळजळ की हार्ट अटॅक: एका मराठी सूचनेची पार्श्वभूमी

गोव्यात मराठी वाचणाऱ्या घरांसाठी केलेल्या या सूचनेत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत एक वाक्य आहे: ‘पित्ताचं औषध घेऊन बरं वाटलं, म्हणून हृदय ठीक आहे असं धरून चालू नका.’ लक्षणांचा तक्ता त्याच्या खाली येतो. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. लोक आधी तक्ता वाचतात, त्यात आपलं दुखणं ‘पित्त’ या रकान्यात बसवतात आणि झोपायला जातात. ही गफलत फक्त घरच्यांचीच होते असं नाही. हृदय आणि पोट यांच्यात डॉक्टरांनीही दीडशे वर्षं गल्लत केली आहे.

1768 मध्ये लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी छातीच्या एका दुखण्याचं वर्णन आपल्या सहकाऱ्यांपुढे वाचलं. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं. माणूस थांबला की थांबतं. आज आपण ज्याला अंजायना म्हणतो ते हेच. वर्णन इतकं नेमकं आहे की आजही त्यात फार बदलावं लागत नाही. पण ‘जेवणानंतर’ हा तपशील पुढे नडला. भरल्या पोटी पचनासाठी जास्त रक्त लागतं, त्यात चालणं आलं तर हृदयावरचा भार वाढतो. रोग्याला मात्र एवढंच दिसतं की जेवलो आणि दुखलं. दोष अन्नाला जातो.

याची सगळ्यात बोलकी नोंद शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये छापली. 55 वर्षांचा एक गृहस्थ, तोपर्यंत धडधाकट. बेताचं जेवण झाल्यावर तासाभराने त्याच्या छातीच्या खालच्या भागात जबरदस्त कळ आली आणि मळमळायला लागलं. काहीतरी बाधलं असं वाटून त्याने घशात बोट घालून उलटी काढली. कळ थांबली नाही. डॉक्टर आले तेव्हा अंग गार, नाडी बारीक आणि जलद. त्यांनी मॉर्फीन टोचलं आणि रोग्याचं पोट धुऊन काढलं. कळ तीन तासांनी थांबली, पण दुखणं सुरू झाल्यापासून 52 तासांनी तो गेला. शवविच्छेदनात हृदयाच्या डाव्या रक्तवाहिनीत, तिच्या उगमाजवळच, रक्ताची गुठळी सापडली. पोटाचा काही संबंध नव्हता.

अशी वाहिनी अचानक बंद झाली तर माणूस जागच्या जागी मरतो, असा तोवरचा समज होता. त्यामुळे जो काही तास किंवा दिवस जगला, त्याचं दुखणं हृदयाचं असेल असं कुणाच्या मनातच यायचं नाही. कागदावर ‘तीव्र अपचन’ लिहिलं जायचं. हेरिक यांचं म्हणणं असं, की माणूस जगू शकतो आणि हे दुखणं जिवंतपणी ओळखता येतं. त्या वर्षी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. काही वर्षांनी ईसीजीमध्ये त्याच्या खुणा दिसू लागल्या, तेव्हा वैद्यक जगाने ते मान्य केलं. हृदय आणि पोट यांच्यातला फरक लक्षणांवरून ठरला नाही, यंत्राच्या कागदावर ठरला. आमच्या सूचनेचा सगळा रोख याच गोष्टीवर आहे.

यंत्र आल्यानंतरही पोटावरचा संशय सुटला नाही. 23 सप्टेंबर 1955 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरमध्ये गोल्फ खेळत होते. दुपारी कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला. नंतर पोटात अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा त्यांनी कांद्याला दोष दिला. रात्री अडीचच्या सुमारास छातीत कळ आली. त्यांचे खासगी डॉक्टर आले, मॉर्फीन दिलं, आणि सकाळी वार्ताहरांना अध्यक्षांचं पोट बिघडल्याचं सांगण्यात आलं. ईसीजी काढला गेला तो दुपारी, दुखणं सुरू होऊन दहा तास झाल्यावर. त्यात हार्ट अटॅक स्पष्ट होता. डॉक्टरांना रात्रीच कळलं होतं का, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. पण देशात सर्वांत चांगली वैद्यकीय सेवा ज्याच्या दाराशी उभी, त्याचे दहा तास अपचनाच्या नावाखाली गेले, हे खरं.

असं का होतं? अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, आणि दोघांकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळपास एकाच पातळीवर शिरतात. मेंदूला ‘छातीच्या मध्यात काहीतरी’ एवढंच समजतं. त्यातही हृदयाची खालची बाजू पडद्यावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूवर टेकलेली असते. त्या बाजूला रक्त कमी पडलं तर दुखणं छातीत येण्याऐवजी पोटाच्या वरच्या खळगीत येतं, सोबत मळमळ आणि उलटी. ढेकरही येतात. ढेकर आला की माणसाला वाटतं, गॅस सुटला.

घरगुती परीक्षा इथेच फसते. आपल्याकडे छातीत जळजळलं की सोलकढी, सोडा किंवा पित्ताची गुलाबी बाटली काढतात. पित्त असेल तर आराम पडतो, हे बरोबर. पण अटॅकच्या आधीचं दुखणं बरेचदा येत-जात राहतं, आणि ते आपणहून ओसरायची वेळ अन् सोडा पिण्याची वेळ जुळली, तर श्रेय सोड्याला मिळतं. उलट बाजूनेही तेच. जिभेखाली ठेवायच्या गोळीने दुखणं गेलं म्हणजे हृदयाचंच होतं, असं मानतात. ती गोळी अन्ननलिकेची उबळही सोडवते. 2003 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात हृदयरोग निघालेल्यांपैकी 35 टक्के आणि न निघालेल्यांपैकी 41 टक्के लोकांना त्या औषधाने आराम पडला होता. म्हणजे त्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय ती रक्तदाब पाडते. हृदयाच्या खालच्या आणि उजव्या बाजूचा अटॅक असेल तर धोक्याइतका पाडते. म्हणून शेजाऱ्याची ती गोळी घेऊ नका असं सूचनेत स्पष्ट लिहिलं आहे.

मग तक्ता कशाला? कारण त्याचा उपयोग एकाच दिशेने आहे. जळजळ पोटातून वर घशाकडे चढते, तोंडात आंबट पाणी येतं, वाकलं किंवा आडवं झालं की वाढते, उठून बसलं की कमी होते: हे पित्ताचं वळण. छातीवर ओझं ठेवल्यासारखा दाब, तो खांद्यात, एका किंवा दोन्ही हातांत, जबड्यात किंवा पाठीत जाणं, गार घाम, दम लागणं, श्रमाने वाढणं, कूस बदलून किंवा छाती दाबून काहीच फरक न पडणं, आणि पंधरा-वीस मिनिटांत न थांबणं: हे हृदयाचं. दुसऱ्या यादीतलं काही दिसलं तर संशय घ्यायचा. पहिल्या यादीतलं सगळं जुळलं, तरी नव्याने सुरू झालेल्या दुखण्यात संशय सोडायचा नाही.

बायका, मधुमेही आणि वयस्क यांच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. 2000 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या सव्वाचार लाखांहून अधिक अटॅकच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा इस्पितळात येताना एकतृतीयांश रोग्यांच्या छातीत दुखतच नव्हतं. 2003 मध्ये छापलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अटॅकमधून वाचलेल्या 515 बायकांना विचारलं, तर दर दहांतल्या साधारण चौघींनी आधीच्या काळात अपचनाची तक्रार सांगितली; त्याहून जास्त जणींनी कधी नव्हे असा थकवा सांगितला. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवणारी बाई ‘अवेळी खाल्लं म्हणून’ असं स्वतःच ठरवून टाकते. सूचनेत तिच्यासाठी वेगळी ओळ आहे, आणि ती काढू नये असा आमचा आग्रह होता.

आता हे गोव्यात ठेवून पाहू. समजा, सत्तरी तालुक्यातल्या एका गावात 54 वर्षांचे बागायतदार आहेत, साखर आहे. रात्री 11 वाजता पोटाच्या खळगीत दाब सुरू झाला. सोडा घेतला, दोन ढेकर आले, जरा हलकं वाटलं. सव्वाबाराला दाब तसाच, आणि सदरा घामाने भिजला. ‘सकाळी बघू’ असं ते म्हणतात. मुलगा 108 ला फोन करतो. स्कूटरवर मागे बसवून नेण्यापेक्षा हे बरं, कारण वाटेत हृदयाची लय बिघडून ते थांबलं, तर वाचवायला झटका देणारं यंत्र लागतं. एकच्या सुमारास वाळपईच्या आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो. स्टेमी म्हणजे हृदयाची वाहिनी पूर्ण बंद झाल्याने येणारा अटॅक; राज्यातल्या स्टेमी प्रकल्पात अशा केंद्रातला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोचवण्याची सोय आहे. ते तो बघून सांगतात: खालच्या बाजूचा अटॅक. पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, नुकतीच शस्त्रक्रिया झाली का, हे विचारून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं जातं, आणि मग बांबोळीचा प्रवास सुरू होतो.

इंजेक्शन वाळपईलाच का, याचं उत्तर 1986 च्या इटलीतल्या एका मोठ्या चाचणीत आहे. 11 हजारांहून अधिक रोगी होते. गुठळी विरघळवणारं औषध दुखणं सुरू झाल्यापासून तासाच्या आत मिळालं, तिथे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तीन ते सहा तासांत मिळालं, तिथे फक्त 17 टक्क्यांनी. सहा तासांनंतर त्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. आमच्या बागायतदारांना औषध मिळालं ते सव्वादोन-अडीच तासांनी. सकाळी सातची वाट पाहिली असती तर आठ तास झाले असते, आणि तेवढ्या वेळात त्या भागातला बहुतेक स्नायू मेला असता. मेलेला स्नायू कुठल्याही औषधाने परत येत नाही.

अ‍ॅस्पिरिनची ओळही याच काळातली. 1988 च्या चाचणीत नुसत्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाले. सूचनेत ती गोळी ‘108 वाल्यांनी किंवा डॉक्टरांनी सांगितलं तर चावून खा’ अशी आहे. पोटात रक्तस्राव करणारा अल्सर असेल, अ‍ॅलर्जी असेल किंवा महाधमनी फाटली असेल तर तीच गोळी घात करते, आणि महाधमनी फाटल्याची कळही छातीतच येते.

शेवटची ओळ सूचनेत नंतर घातली गेली. पहिला ईसीजी साफ निघाला म्हणून लगेच घरी जाऊ नका. सुरुवातीला ईसीजी साफ असू शकतो, आणि हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. दाब चालू असेल तर थोड्या वेळाने दुसरा ईसीजी काढायला सांगा, आणि रक्ताची तपासणी काही तासांनी पुन्हा करायची आहे का, ते विचारा. दोन्ही साफ निघाले आणि दुखणंही गेलं, तरी खरंच पित्तच होतं का, याचा तपास पुढच्या काही दिवसांत डॉक्टरांकडून करून घ्या.