कॉफरडॅम फुटतो तो बहुधा तळाकडून

उन्हाळ्यात वैनगंगेच्या कोरड्या दिसणाऱ्या पात्रात पाण्यासाठी रेती उकरून झिरा करतात. हात-दोन हात खोल गेले की पाणी लागते. मात्र ते घाईने उपसू लागले, की तळाची रेती पाण्यासोबत वर येते, कडा ढासळतात आणि झिरा बुजतो. पुलाच्या खांबाचा पाया घालण्यासाठी वाहत्या नदीत पाणी अडवून जी तात्पुरती कोरडी जागा करतात तिला कॉफरडॅम म्हणतात, आणि झिरा ज्या कारणाने बुजतो त्याच कारणाने कॉफरडॅमही धोक्यात येतो.

पाणी कंबरेइतके आणि संथ असेल, तर मुरुमाचा बांध किंवा रेतीच्या पोत्यांचा घेर पुरतो. नुसत्या काळ्या मातीवर मात्र विसंबू नये. ती पाणी चांगले अडवते, पण भिजल्यावर फुगून मऊ पडते आणि बांधाचा उतार घसरतो. पाणी अधिक खोल असेल, तर एकमेकींत अडकणाऱ्या पोलादी पट्ट्या, म्हणजे शीटपाइल, नदीच्या तळात ठोकून भिंत करतात आणि तिला आतून आडव्या तुळयांचा आधार देतात. त्याहून मोठ्या कामात अशा दोन समांतर भिंती उभ्या करून मधली जागा रेती-मुरुमाने भरतात. ती भिंत आपल्या रुंदीच्या आणि वजनाच्या बळावर उभी राहते.

तळापासून 3 मीटर पाणी आहे, असे धरू. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य असतो आणि खोलीबरोबर वाढत तळाशी दर चौरस मीटरला 3 टन होतो. त्यामुळे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण साडेचार टनांचा रेटा येतो आणि तो तळापासून 1 मीटर उंचीवर एकवटल्यासारखा वागतो. खोली दुप्पट झाली, तर रेटा चौपट होतो. म्हणून पाणी थोडे चढले तरी आधाराच्या तुळया पुन्हा तपासाव्या लागतात. प्रवाहाच्या धडकेचा दाब त्या मानाने किरकोळ असतो. सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहणारे पाणी जेमतेम 5 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतकाच जादा दाब देते. प्रवाहाचे खरे नुकसान वेगळे आहे: घेरामुळे पात्र अरुंद होते, वेग वाढतो आणि वरच्या अंगाच्या कोपऱ्यांशी तळाची रेती खरवडली जाऊन भिंतीचे रोवलेले मूळ उघडे पडते. म्हणून तेथे दगड टाकतात आणि रोज काठी किंवा दोरीने खोली मोजतात.

आता तळाकडे वळू. आतली रेती 1 मीटर उकरून जागा कोरडी केली, की बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीत 4 मीटरांचा फरक पडतो. बाहेरचे पाणी भिंतीलगत खाली जाते, तिच्या टोकाला वळसा घालते आणि आत वर येते. भिंत आतल्या खोदाईखाली 3 मीटर रोवली असेल, तर ही वाट 4 मीटर उतरण आणि 3 मीटर चढण, अशी 7 मीटरांची होते. 4 भागिले 7 म्हणजे सुमारे 0.57. हा आकडा 1 च्या जवळ पोहोचला, की वर चढणारे पाणी रेतीच्या कणांचे पाण्यातले वजन पूर्ण तोलून धरते; कण सुटे होतात आणि तळ उकळत्या आधणासारखा दिसू लागतो. भिंत आणखी 1 मीटर खोल नेली, तर वाट 9 मीटरांची होते आणि आकडा 0.44 वर येतो. हा ढोबळ हिशेब आहे. अरुंद घेरात चारही बाजूंचे पाणी एकाच जागी एकवटते, म्हणून तेथे याहून अधिक सावध राहावे लागते.

धोका ओळखायचा तो पाण्याच्या रंगावरून. आत झिरपणारे पाणी स्वच्छ असेल, तर पंप चालू ठेवायला हरकत नसते. ते गढूळ झाले, तळावर रेतीचे छोटे शंकू उठू लागले किंवा बाहेर भिंतीलगत खळगा पडला, तर तळाची रेती वाहून जात आहे. अशा वेळी आणखी पंप लावून उपसा वाढवणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण त्याने पातळीतला फरक वाढतो. योग्य उपाय उलटा आहे: उपसा थांबवावा, पाणी आत येऊ द्यावे आणि मगच भिंत खोल न्यावी किंवा पाण्याखालीच नळीने काँक्रीट सोडून तळ बंद करावा. ते काँक्रीट मात्र खालून येणारा दाब तोलण्याइतके जड हवे. त्याचा खालचा पृष्ठभाग नदीच्या पाण्याच्या पातळीखाली 4 मीटरांवर असेल, तर दर चौरस मीटरला 4 टनांचा दाब वर ढकलतो, आणि काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2.4 टन असल्याने नुसत्या वजनावर तोलायचे तर किमान 1.7 मीटर जाडी लागते. त्यावर सुरक्षेसाठी थोडी भर घालतात.

विदर्भात हे काम पावसाळा ओसरल्यावर सुरू करून पुढच्या पावसाळ्याआधी उरकतात, तरी अवकाळी पाऊस किंवा वरच्या धरणातून सोडलेले पाणी मधेच येऊ शकते. नदी भिंतीच्या वर जाणार अशी खबर आली, तर माणसे आणि यंत्रे आधी बाहेर काढतात, मग भिंतीतली झडप उघडून कॉफरडॅम आपणहून भरू देतात. आत-बाहेर पाणी सारखे झाले, की भिंतीवरचा रेटा आणि तळातली झिरप दोन्ही जवळजवळ थांबतात, आणि पूर ओसरल्यावर तेच पाणी हळूहळू उपसून काम पुन्हा धरता येते.